डॉलर-रुपयावर मूव्हिंग ॲव्हरेज क्रॉसओव्हरची चाचणी : नफा खरा किती आणि निवडीचा किती

मूव्हिंग ॲव्हरेज क्रॉसओव्हर हा तांत्रिक विश्लेषणातला बहुधा सर्वांत सोपा नियम आहे. भावाच्या दोन सरासऱ्या काढायच्या, एक कमी दिवसांची आणि एक जास्त दिवसांची. कमी दिवसांची सरासरी जास्त दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की खरेदी करायची आणि खाली आली की विक्री. नियम दोन ओळींत मावतो, त्यामुळे जुन्या आकड्यांवर त्याची चाचणी घेणेही सोपे असते, आणि थोडा वेळ दिला तर दरवर्षी घसघशीत नफा दाखवणारी दिवसांची एखादी जोडी हमखास सापडते. हा नफा बाजारातून आलेला आहे की शेकडो जोड्यांतून सर्वांत चांगली उचलल्यामुळे दिसतो आहे, हे ओळखायला नवशिक्याला कोणी शिकवत नाही. या लेखात डॉलर-रुपया ही चलनांची एकच जोडी घेऊन पहिल्या आकड्यापासून त्या प्रश्नापर्यंत क्रमाने जाऊ. पायथनची तोंडओळख असेल तर सोबतचा कोड चालवून पाहता येईल. नसली तरी युक्तिवाद समजायला अडचण येऊ नये.

पहिली पायरी : आकडे कुठले आणि कुठल्या वेळचे

डॉलर-रुपयाचे रोजचे भाव फुकट मिळण्याची सोयीची जागा म्हणजे अमेरिकेच्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेचे FRED हे संकेतस्थळ. तिथे DEXINUS या नावाखाली एका डॉलरला किती रुपये हा भाव १९७३ पासून उपलब्ध आहे. तो न्यू यॉर्कमधला दुपारी बाराचा भाव असतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ किंवा, हिवाळ्यात, साडेदहा वाजलेले असतात. मुंबईतला बाजार त्याआधीच बंद झालेला असतो, त्यामुळे या भावाला इथे कोणीही सौदा करू शकत नाही, ही गोष्ट पुढच्या पायरीत लागेल. दुसरा पर्याय आपल्याकडच्या संदर्भ दराचा. तो पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करत असे आणि जुलै २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था करते. त्याचीही अडचण तशीच आहे : हा दर विशिष्ट वेळेत झालेल्या सौद्यांवरून काढला जातो, आणि तो जाहीर होईपर्यंत बाजार पुढे सरकलेला असतो.

आकडे १९७३ पासून आहेत म्हणून १९७३ पासून चाचणी घेऊ नये. मार्च १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडण्यात आला खरा, पण त्यानंतर ऑगस्ट १९९५ पर्यंत तो ३१.३७ च्या आसपास जवळजवळ खिळवून ठेवलेला होता. अशा काळात दोन सरासऱ्यांमधला फरक एक-दोन पैशांचा असतो, त्या फरकाला खर्चापलीकडे काही अर्थ नसतो, आणि पुढे दर एकदम हलतो तेव्हा नियम ज्या बाजूला असेल त्या बाजूचा मोठा नफा किंवा तोटा नावावर जमा होतो. म्हणून इथे २००४ ते २०१३ ही दहा वर्षे नियम बसवण्यासाठी आणि २०१४ ते २०१९ ही सहा वर्षे तपासण्यासाठी घेतली आहेत, तर २०२० नंतरचे आकडे अगदी शेवटच्या एका तपासणीसाठी बाजूला ठेवले आहेत. २००४ हे वर्ष निवडणे हासुद्धा एक निर्णयच आहे, हे विसरू नये. कोणी २००३, २००४ आणि २००७ अशी तीन सुरुवातीची वर्षे वापरून बघितली आणि त्यांतले सर्वांत चांगले निकाल देणारे ठेवले, तर त्याने नियमाला न दिसणारा आणखी एक आकडा जोडलेला असतो.

दुसरी पायरी : उद्याचे आज वापरत नाही ना?

जुन्या आकड्यांवरच्या चाचणीतली, म्हणजे बॅकटेस्टमधली, सर्वांत घातक चूक एका ओळीची असते आणि ती ओव्हरफिटिंगच्याही, म्हणजे नियम जुन्या आकड्यांतल्या योगायोगांवर बेतला जाण्याच्याही, आधी काढावी लागते, कारण ती शिल्लक असेल तर पुढची सगळी मोजमापे फोल ठरतात. चूक अशी : आजच्या भावावरून आजचा संकेत काढायचा आणि त्याच संकेताला आजच्या भावबदलाचा नफा द्यायचा. आजचा भाव कळल्यानंतरच जो संकेत मिळतो त्याला आजच्या दिवसाचा नफा मिळणे शक्य नाही, पण स्प्रेडशीटमध्ये दोन्ही एकाच ओळीत असतात आणि गुणाकार बिनबोभाट होऊन जातो.

एक काल्पनिक उदाहरण हाताने सोडवू. सलग सहा दिवसांचे भाव असे धरू : ८३.१०, ८३.००, ८२.९०, ८२.९५, ८३.६० आणि ८३.५०. सरासऱ्या दोन दिवसांची आणि चार दिवसांची. चौथ्या दिवशी लहान सरासरी ८२.९२५ आणि मोठी ८२.९८७५ येते. लहान खाली आहे, म्हणून विक्रीचा संकेत. पाचव्या दिवशी भाव एकदम ६५ पैशांनी चढतो, त्यामुळे लहान सरासरी ८३.२७५ आणि मोठी ८३.११२५ होते आणि संकेत खरेदीचा होतो. सहाव्या दिवशी संकेत खरेदीचाच राहतो आणि भाव १० पैसे उतरतो.

आता चुकीचा हिशेब पाहा. पाचव्या दिवसाचा खरेदीचा संकेत पाचव्या दिवसालाच लावला तर ६५ पैसे नफा, सहाव्या दिवशी १० पैसे तोटा, एकूण ५५ पैसे नफा. योग्य हिशेबात पाचवा दिवस सुरू होताना आपल्याजवळ चौथ्या दिवसाची विक्री असते. त्यामुळे पाचव्या दिवशी ६५ पैसे तोटा, मग खरेदीकडे वळल्यावर सहाव्या दिवशी आणखी १० पैसे तोटा, एकूण ७५ पैसे तोटा. एनएसईवरच्या डॉलर-रुपया फ्युचरचा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणाऱ्या सौद्याचा, एक लॉट १००० डॉलरचा असतो. म्हणजे त्याच दोन दिवसांत एका हिशेबाने ५५० रुपये मिळाले आणि दुसऱ्याने ७५० रुपये गेले. मोठी हालचाल आणि क्रॉसओव्हर हे अनेकदा एकाच दिवशी येतात, कारण हालचालीमुळेच क्रॉसओव्हर होतो. म्हणून ही चूक सरासरीने भरपाई होऊन मिटत नाही, ती बहुतेक वेळा नियमाच्या बाजूनेच पडते.

संकेत एक दिवस पुढे ढकलला की हा दोष जातो. मात्र त्यात अजून असे गृहीत आहे की ज्या भावावरून संकेत काढला त्याच भावाला सौदा झाला. न्यू यॉर्कच्या दुपारचा भाव वापरत असल्यामुळे तेही शक्य नाही, म्हणून इथे संकेत दोन दिवस ढकलला आहे. एक दिवस आणि दोन दिवस अशा दोन्ही प्रकारे चाचणी घेऊन बघावी. पन्नास-शंभर दिवसांच्या सरासऱ्या वापरणाऱ्या नियमाचा निकाल एका दिवसाच्या उशिराने थोडाच बदलायला हवा. तो निम्म्यावर आला, तर नफा प्रवृत्तीतून येत नसून कुठल्यातरी दोन-चार दिवसांतून येतो आहे, असे समजावे.

तिसरी पायरी : खर्च आणि व्याजातला फरक

खर्चाबद्दल सगळेच सांगतात, त्यामुळे थोडक्यात आटोपू. दर वेळी बाजू बदलताना जुना सौदा मिटवायचा आणि नवा करायचा, असे दोन व्यवहार होतात. खालच्या कोडमध्ये एका व्यवहाराला ०.०१ टक्का, म्हणजे ८३ च्या भावाला साधारण ०.८ पैसे, खर्च धरला आहे. बाजारात उलाढाल कमी असेल तर तो याहून जास्त येतो.

व्याजाचा मुद्दा मात्र डॉलर-रुपयात फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक बॅकटेस्टमध्ये तो नसतोच. रुपयावरचा व्याजदर डॉलरवरच्या व्याजदरापेक्षा बहुतेक काळ जास्त राहिला आहे, आणि हा फरक फ्युचर व फॉरवर्डच्या भावात आधीच मिसळलेला असतो. समजा आजचा भाव ६० आहे, रुपयावर वर्षाला ७ टक्के व्याज मिळते आणि डॉलरवर १ टक्का. तर वर्षभरानंतरचा फॉरवर्ड भाव ६० गुणिले १.०७ भागिले १.०१, म्हणजे सुमारे ६३.५६ असेल. वर्षाने डॉलर ६२ वर गेला, तर रोखीच्या भावावर चाललेली बॅकटेस्ट खरेदीदाराला ३ टक्क्यांहून अधिक नफा दाखवेल. प्रत्यक्षात ज्याने ६३.५६ ला फॉरवर्ड खरेदी केला त्याला डॉलरमागे १.५६ रुपये तोटा झालेला असेल.

रुपया गेली अनेक दशके हळूहळू घसरत आला आहे. त्यामुळे रोखीच्या आकड्यांवर जो नियम जास्त काळ डॉलरच्या बाजूने राहतो तो आपोआप हुशार दिसतो आणि जोड्यांच्या शर्यतीत तसेच नियम पुढे येतात. व्याजातला हा फरक सगळ्या वर्षी सारखा नव्हता. २०१० च्या दशकात फॉरवर्ड प्रीमियम, म्हणजे फॉरवर्ड भाव रोखीच्या भावाहून जितका जास्त असतो तो, बऱ्याचदा वर्षाला चार टक्क्यांच्या वर असे, आणि २०२२ नंतर अमेरिकेतले व्याजदर वाढल्यावर तो दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. आदर्श पद्धत म्हणजे त्या त्या महिन्याचा फरक वापरणे. सुरुवातीला निदान एक स्थिर आकडा तरी वजा करावा. इथे ४ टक्के धरला आहे.

```python
import pandas as pd, numpy as np

s = pd.read_csv("DEXINUS.csv", index_col=0, parse_dates=True,
                na_values=".").iloc[:, 0].dropna()

def sharpe(s, a, b, cost=0.0001, carry=0.04):
    r = np.log(s).diff() - carry / 252
    pos = np.sign(s.rolling(a).mean() - s.rolling(b).mean()).shift(2)
    net = (pos * r - cost * pos.diff().abs()).dropna()
    return net.mean() / net.std() * 252 ** 0.5
```

या फंक्शनमधून जो आकडा येतो त्याला शार्प रेशो म्हणतात : वर्षाचा सरासरी नफा भागिले वर्षातल्या नफ्या-तोट्याचा चढउतार. शार्प १ म्हणजे सरासरी नफा आणि चढउतार सारखेच मोठे. नुसत्या टक्केवारीपेक्षा हा आकडा सोयीचा, कारण योगायोग किती मोठा असू शकतो याचा हिशेब त्यावर सरळ मांडता येतो.

चौथी पायरी : जोड्यांची शर्यत लावा, पण जिंकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

आता प्रत्येक नवशिका करतो तेच करू. लहान सरासरी ५ पासून ५० दिवसांपर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने घेतली, तर दहा पर्याय होतात. मोठी सरासरी ६० पासून २५० पर्यंत दहा-दहाच्या टप्प्याने घेतली, तर वीस. एकूण २०० जोड्या. २००४ ते २०१३ या आकड्यांवर सगळ्या चालवून सर्वांत जास्त शार्प असलेली जोडी निवडायची.

```python
def best(s):
    return max((sharpe(s, a, b), a, b)
               for a in range(5, 51, 5)
               for b in range(60, 251, 10))

train = s["2004":"2013"]
print(best(train))
```

पडद्यावर तीन आकडे येतील : शार्प, लहान सरासरीचे दिवस आणि मोठ्या सरासरीचे दिवस. शार्प वहीत लिहून ठेवावा आणि त्याच्या शेजारी एक प्रश्न लिहावा : कुठलाच नियम चालत नसता तरी हा आकडा किती आला असता?

याचे उत्तर कागदावर काढता येते. ज्या नियमात काहीच दम नाही त्याचा खरा शार्प शून्य असतो, पण मर्यादित वर्षांच्या आकड्यांवर मोजलेला शार्प शून्याच्या वर-खाली भरकटतो. हे भरकटणे अंदाजे १ भागिले वर्षांच्या संख्येचे वर्गमूळ इतके असते. दहा वर्षांसाठी ते ०.३२ येते. एकच जोडी आधी ठरवून एकदाच तपासली, तर दम नसतानाही ०.३२ मिळणे अगदी मामुली आहे. पण आपण एक तपासत नाही, २०० तपासून त्यांतली कमाल उचलतो. परस्परांशी संबंध नसलेल्या २०० निरर्थक नियमांपैकी सर्वांत नशीबवान नियम सरासरीने या भरकटण्याच्या २.७५ पट वर असतो, म्हणजे त्याचा शार्प ०.८७ दिसतो.

आपल्या २०० जोड्या अर्थातच परस्परांशी संबंध नसलेल्या नाहीत. २० आणि १०० ची जोडी व २० आणि ११० ची जोडी बहुतेक दिवस एकाच बाजूला असतात. त्यामुळे खरे स्वतंत्र प्रयत्न कमी भरतात. समजा ते फक्त वीसच आहेत. तरी वीस निरर्थक नियमांतला सर्वोत्तम नियम १.८७ पट वर असतो, म्हणजे शार्प ०.५९. रुपयाचा वार्षिक चढउतार ६ टक्के धरला, तर ०.५९ म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के नफा, तोही दहा वर्षे, आणि तोही पूर्णपणे नशिबाचा. आलेख काढला तर तो डावीकडून उजवीकडे छान चढत गेलेला दिसेल. अशा आलेखांवर इंटरनेटवर बरीच दुकाने चालतात, आणि ते आलेख खोटे असतात असेही नाही : मागचे १९९ दाखवलेले नसतात, इतकेच.

वर्षे कमी असतील तर परिस्थिती आणखी बिकट होते. पाचच वर्षांचे आकडे असतील, तर भरकटणे ०.४५ होते आणि अवघ्या ४५ स्वतंत्र प्रयत्नांत शून्य दमाचा नियम सुमारे १ शार्प दाखवू शकतो. स्टॉपलॉस किती टक्क्यांवर ठेवायचा, कुठल्या वारी सौदा टाळायचा, साधी सरासरी घ्यायची की एक्स्पोनेन्शियल, असे चार-पाच पर्याय जोडले, की ४५ हा आकडा एका संध्याकाळीच ओलांडला जातो.

पाचवी पायरी : बाजार पिसून टाका आणि पुन्हा शर्यत लावा

स्वतंत्र प्रयत्न वीस की पन्नास याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा संगणकाकडूनच मोजून घेता येते, आणि या सबंध लेखातली सर्वांत उपयोगी चाचणी हीच आहे. रोजचे भावबदल घ्यायचे, त्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसायचा आणि त्या क्रमाने नवा, खोटा इतिहास जोडायचा. या इतिहासात बदलांचे आकार तेच राहतात, सुरुवातीचा आणि शेवटचा भावही तोच राहतो. जाते ती फक्त प्रवृत्ती, म्हणजे आजच्या बदलाचा उद्याच्या बदलाशी असलेला संबंध. क्रॉसओव्हरला जो काही नफा मिळायचा तो याच संबंधातून मिळायचा असतो. म्हणजे पिसलेल्या इतिहासात शोधण्यासारखे काही नाही, हे आपल्याला आधीच माहीत आहे.

```python
rng = np.random.default_rng(1)
x = np.log(train).diff().dropna().values
fake = []
for _ in range(200):
    p = train.iloc[0] * np.exp(np.cumsum(np.r_[0, rng.permutation(x)]))
    fake.append(best(pd.Series(p))[0])
print(np.quantile(fake, [0.5, 0.95]))
```

अशा दोनशे खोट्या इतिहासांवर प्रत्येकी २०० जोड्यांची शर्यत लावायला संगणकाला काही मिनिटे लागतील. शेवटी दोन आकडे येतात. पहिला म्हणजे निरर्थक बाजारात जिंकणाऱ्या जोडीचा मधला शार्प, आणि दुसरा म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव खोट्या इतिहासांत जो ओलांडला गेला नाही तो. चौथ्या पायरीत वहीत लिहिलेला आकडा यांच्याशी ताडून पाहायचा. तो पहिल्या आकड्याच्या आसपास असेल तर जिंकलेल्या जोडीत काही नाही, तिचे दिवस विसरून जावेत. दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर काही सांगता येत नाही. दुसऱ्याच्या वर असेल तरच पुढच्या पायरीला जावे.

एक अट कसोशीने पाळावी लागते. खऱ्या आकड्यांवर जितके पर्याय वापरून पाहिले तितकेच पिसलेल्या आकड्यांवरही चालवायला हवेत. खऱ्या आकड्यांवर आठवडाभर वेगवेगळे गाळणे लावून बघितले आणि पिसलेल्यांवर फक्त शेवटी ठरलेली जोडी चालवली, तर तुलना आपल्याच बाजूने झुकते. म्हणूनच वहीची सवय सुरुवातीपासून लागते : फसलेल्या प्रयत्नांचीही नोंद हवी, कारण हिशेब त्यांच्या संख्येवर आहे. पिसण्याने आणखी एक गोष्ट बिघडते, तीही लक्षात असू द्यावी. खऱ्या बाजारात शांत आणि अशांत काळ सलग येतात, पिसल्यावर ते सारखे पसरतात. एकेक दिवस पिसण्याऐवजी वीस-वीस दिवसांचे तुकडे पिसले तर हा दोष बराच कमी होतो.

सहावी पायरी : नफा नेमका कधी झाला ते पाहा

इथे आकडेमोडीपेक्षा इतिहास कामाला येतो. २००४ ते २०१३ मध्ये बाजाराचे सुमारे २५०० दिवस आहेत, त्यामुळे वाटते की नियमाची २५०० वेळा परीक्षा झाली. डॉलर-रुपयात त्या दहा वर्षांत मोठ्या लाटा मात्र मोजक्याच आल्या. २००७ मध्ये रुपया ४४ वरून ३९ च्या आसपास मजबूत झाला. २००८ मध्ये जागतिक संकटात तो ५० पर्यंत घसरला. २०११ च्या उत्तरार्धात ४४ वरून ५३ च्या आसपास गेला. आणि मे ते ऑगस्ट २०१३ मध्ये, अमेरिकेची रोखेखरेदी आटोपती घेण्याची चर्चा सुरू झाल्यावर, ५४ वरून ६८ पर्यंत कोसळला. प्रवृत्तीच्या मागे धावणाऱ्या नियमाची कमाई या चार लाटांत होते आणि मधल्या आडव्या काळात ती थोडीथोडी झिरपून जाते. म्हणजे परीक्षा झाली ती चारदा.

जोड्यांच्या शर्यतीत कोण जिंकते, तर ज्या जोडीची वळणे या चार लाटांच्या सुरुवाती आणि शेवटांशी सर्वांत जवळ बसतात ती. सप्टेंबर २०१३ मध्ये रुपया झपाट्याने सावरला, तेव्हा आठ दिवस आधी बाहेर पडलेली जोडी उशिरा पडलेल्या जोडीपेक्षा कितीतरी वरचढ दिसणार. पुढच्या लाटेला मात्र तेच आठ दिवस उपयोगी पडतील, असे मानण्याचे काहीच कारण नाही. ओव्हरफिटिंग म्हणजे काय, ते इथे अगदी जवळून दिसते.

तपासण्याची रीत सरळ आहे. २०१३ मधले मे ते सप्टेंबर हे पाच महिने आकड्यांतून काढून टाकून शर्यत पुन्हा लावावी. मग तसेच २००८ चे करावे. काढताना रोजच्या नफ्या-तोट्याच्या यादीतून ते दिवस वगळावेत, मूळ भावांतून वगळू नयेत, नाहीतर जोडाच्या ठिकाणी खोटी उडी तयार होते. दर वेळी वेगळीच जोडी जिंकत असेल, तर पहिली विजेती जोडी म्हणजे एका घटनेचा ठसा होती. त्याचबरोबर विजेत्या जोडीचे शेजारी पाहावेत. ३५ आणि ११० या जोडीचा शार्प ०.८ असेल आणि ३० व ११०, ३५ व १२० यांचे ०.३ असतील, तर ०.८ हा सुटा सुळका आहे आणि त्या परिसराचा खरा अंदाज ०.३ च्या आसपासच धरावा. भोवतालच्या सगळ्या जोड्या ०.५ ते ०.६ मध्ये असतील, तर ते अधिक आश्वासक आहे, जरी सर्वांत वरचा आकडा दिसायला लहान असला तरी.

सातवी पायरी : बाजूला ठेवलेली वर्षे एकदाच उघडा

इथवर टिकलेली जोडी २०१४ ते २०१९ वर चालवावी. सरासरीची खिडकी भरावी म्हणून आकडे २०१३ पासून द्यावेत, पण नफा-तोटा २०१४ पासून मोजावा. शार्प घसरणार हे धरूनच चालावे. किती घसरला याला महत्त्व आहे. २०१८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर रुपया ६५ वरून ७४ पर्यंत घसरला, म्हणजे या काळातही नियमाला एक बऱ्यापैकी लाट मिळते. तरीही निकाल शून्याच्या आसपास येत असेल, तर लाट नव्हती ही सबब चालत नाही.

निकाल नापसंत पडला की स्वाभाविक मोह होतो तो मागे जाऊन दुसरी जोडी निवडण्याचा आणि पुन्हा २०१४ ते २०१९ वर तपासण्याचा. असे तीन-चारदा केले की ही सहा वर्षेही शर्यतीचाच भाग होतात. फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळालेल्या गुणांइतकीच मग त्यांची किंमत. २०२० नंतरचे आकडे सुरुवातीला बाजूला ठेवले ते याचसाठी, आणि तेही एकदाच उघडता येतात.

त्या शेवटच्या काळात एक वेगळीच गोष्ट दिसेल. २०२३ चे सबंध वर्ष रुपया साधारण ८१ ते ८३.५ च्या पट्ट्यात फिरत राहिला, कारण रिझर्व्ह बँक दोन्ही बाजूंनी बाजारात उतरून चढउतार आवरत होती. अशा वर्षी क्रॉसओव्हर वरच्या टोकाला खरेदी आणि खालच्या टोकाला विक्री करत राहतो, आणि तोट्याचे कारण ओव्हरफिटिंग नसते, चलनाचे व्यवस्थापन बदललेले असते. बाजारच बदलला की नियम प्रामाणिकपणे बसवलेला असूनही फसतो. प्रमुख चलनांतही असे घडलेले आहे : १९७० आणि ८० च्या दशकांत अशा साध्या नियमांना मिळालेला नफा १९९० च्या दशकापासून बराच ओसरला, हे संशोधकांनी पुष्कळदा दाखवले आहे.

प्रत्यक्ष सौदे करण्याच्या विचारात असणाऱ्यांनी नियमही पाहून घ्यावेत. मे २०२४ पासून एक्स्चेंजवरचे रुपयाचे सौदे ज्याला परकीय चलनाची खरी जोखीम आहे, म्हणजे आयात-निर्यात, कर्ज वा तत्सम व्यवहार आहे, त्यानेच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे. शंभर दशलक्ष डॉलरपर्यंत त्याचे कागद दाखवावे लागत नाहीत, पण जोखीम असायला लागते. भारतात परवानगी नसलेल्या परदेशी फॉरेक्स प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादीही रिझर्व्ह बँक २०२२ पासून प्रसिद्ध करते. आपोआप सौदे करणारे आणि बॅकटेस्टमध्ये चमकणारे 'रोबो' बहुतेक अशाच प्लॅटफॉर्मच्या आसपास विकले जातात. मागितल्यास विक्रेता बॅकटेस्ट दाखवतो. किती पर्याय वापरून पाहिले, असे विचारल्यास सहसा उत्तर मिळत नाही.

आठवी पायरी : जोडी निवडूच नका

सगळ्या चाळण्यांतून नियम पार पडला आणि त्याचा खरा शार्प ०.३ आहे असे मानले, तर तेवढ्यावरून तो शून्यापेक्षा निश्चित वेगळा आहे हे म्हणायला किती वर्षांचे आकडे लागतील, याचा हिशेब करून पाहावा. मोजलेला शार्प भरकटण्याच्या दुप्पट तरी असायला हवा, ही नेहमीची किमान अट. म्हणजे २ भागिले ०.३ याचा वर्ग : सुमारे ४४ वर्षे. बाजारावर सोडलेल्या रुपयाचे वय अजून तेवढेही नाही. २० आणि १०० ची जोडी ३० आणि १२० पेक्षा चांगली आहे, हे सिद्ध करायला तर याहून कितीतरी अधिक वर्षे लागतील, कारण त्या दोघींच्या शार्पमधला फरक ०.३ हूनही बारीक असतो.

म्हणून शर्यत न लावता काम भागवण्याची एक पद्धत वापरावी. २०० जोड्यांचे संकेत घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तेवढ्या आकाराचा सौदा धरायचा : दीडशे जोड्या खरेदीच्या आणि पन्नास विक्रीच्या बाजूला असतील, तर अर्ध्या आकाराची खरेदी. यात निवड नसल्यामुळे कमाल उचलण्याचा फुगवटा येत नाही, सौद्याचा आकार एकदम न उलटता हळूहळू बदलतो, आणि येणारा शार्प २०० जोड्यांच्या मधल्या आकड्याच्या जवळपास असतो. तो चौथ्या पायरीतल्या विजेत्याच्या शेजारी वहीत लिहावा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे निवडीने केलेली वाढ, आणि पुढे एखाद्या नव्या नियमाची बॅकटेस्ट समोर आली तर तिच्यातून साधारण किती वजा करायचे याचा पहिला अंदाज तिथूनच घ्यावा.